आत्तीनं मीम पाठवलं आणि खाली लिहिलं, "म्हंजे काय"

सोमवारी सकाळी साडेनऊला आत्तीचा मेसेज. एक स्क्रीनशॉट आणि खाली दोन शब्द, "म्हंजे काय". प्रश्नचिन्ह पण नाही.

फोटो ओळखीचा होता. एक अवाढव्य जहाज, त्याचं नाक मातीत घुसलेलं, आणि त्या नाकापाशी एक एवढंसं पिवळं पोकलेन माती उकरतंय. जहाजावर पांढऱ्या अक्षरात टाइप केलेलं "आखाड", पोकलेनवर टाइप केलेलं "रंकाळा". बस. खाली तीन जणांनी हसून लोळणारा इमोजी टाकलेला.

मला वाटलं सोपंय, आणि मी तिथंच गंडलो. मी व्हॉइस नोट चालू केली आणि सुएझ कालव्यापासून सुरुवात केली. 23 मार्च 2021 ला एव्हर गिव्हन नावाचं जहाज इजिप्तमधल्या सुएझ कालव्यात वाऱ्यात आणि धुळीच्या वादळात आडवं झालं, जवळजवळ 400 मीटर लांब जहाज आणि कालवा तिथं त्याच्या लांबीपेक्षा खूपच अरुंद, त्यामुळं पुढचं टोक एका काठात आणि मागचं दुसऱ्या काठाला, रस्ता बंद, मागं शेकडो जहाजांची रांग. कुशीवर मोठ्या अक्षरात एव्हरग्रीन लिहिलंय म्हणून लोकांना तेच जहाजाचं नाव वाटतं, पण ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव. जहाजावरचे 25 खलाशी सगळे भारतीय. मग ते पोकलेन, मग टगबोटी, मग होळीच्या पौर्णिमेची मोठी भरती आली आणि 29 मार्चला, म्हणजे आपल्याकडं धुळवड होती त्या दिवशी, जहाज मोकळं झालं. तीन व्हॉइस नोटा झाल्या. मी एकदम खूश.

आत्तीचं उत्तर आलं, "ते जहाज अडकलेलं मला पण माहिताय रं, टीव्हीवर बघितलो की तवा. पण हे माझं मटण त्यास्नी पचलं नाही म्हणतायत काय?"

मी दोन मिनिटं फोनकडं बघत बसलो. त्यास्नी म्हणजे कुणास्नी? आणि मटण कुठनं आलं?

इथं थांबून सांगतो, कारण सगळी गंमत इथंच आहे. मीमचा स्क्रीनशॉट पाठवून कुणी नुसतं "म्हणजे काय" विचारलं की आपण धरून चालतो की त्याला चित्र कळलं नाही. बऱ्याच वेळा चित्र कळलेलं असतं. अडलेलं असतं दुसरीकडंच, आणि ते विचारायला माणसाकडं वेगळा शब्द नसतो म्हणून तो पण "म्हणजे काय" मध्येच कोंबतो. आत्तीला सुएझ नको होता. तिला पाहिजे होतं की हा माणूस माझ्यावर हसतोय काय, आणि हसत असला तर नेमका कशावर. हा प्रश्न ती सरळ विचारणार नाही, कारण सरळ विचारलं तर आपल्याला लागलंय हे दिसतं ना.

मग मी तिला म्हटलं, आत्ती, याच्या वरचं पण पाठव, कापू नको. तिनं पाठवलं आणि सगळं लख्ख झालं.

पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये काय कापलं गेलेलं ते सांगतो. ग्रुपमध्ये कुणी मेसेज टाकला की त्या मेसेजच्या चौकोनात सगळ्यात वर पाठवणाऱ्याचं नाव असतं. तो मेसेज दुसऱ्या कुठल्या मेसेजला उत्तर म्हणून असला तर नावाच्या खाली एक फिकट पट्टी येते, त्यात मूळ मेसेज कुणाचा होता ते आणि त्याची झलक. आत्तीनं फोटो मोठा दिसावा म्हणून वरचा भाग कापला, त्यात नाव पूर्ण गेलं आणि पट्टी अर्धी गेली. नीट झूम करून बघितलं असतं तर पट्टीचा खालचा काठ आणि उजव्या कोपऱ्यात निळसर पाण्याचा बोटभर तुकडा मला पहिल्यांदाच दिसला असता. मी बघितला नाही, मला सुएझ सांगायची घाई होती.

पूर्ण स्क्रीनशॉटमध्ये नाव होतं तिच्या नणंदेच्या जावयाचं, पुण्याला असतात ते. आणि पट्टीत लिहिलेलं You. हा एक शब्द लई कामाचा आहे. स्क्रीनशॉट ज्याच्या फोनवर काढलाय त्याच्याच मेसेजला कुणी उत्तर दिलं असेल तर तिथं नावाच्या जागी You येतं. म्हणजे मीम आत्तीच्या मेसेजला उद्देशून टाकलंय हे त्या एका शब्दात कळतं, कुणाला विचारायची गरजच नाही. आणि वर Forwarded असं काही नव्हतं. फॉरवर्ड केलेलं मीम कुणाच्या मेसेजला उत्तर म्हणून चिकटत नाही, ते सुटंच येऊन पडतं. हे चिकटलेलं होतं, म्हणजे जावयानं मुद्दाम आत्तीचा मेसेज धरून टाकलंय.

आणि आत्तीचा मेसेज काय होता? सकाळी सव्वासातचा सेल्फी. मागं रंकाळा, लांब शालिनी पॅलेस, आत्तीच्या पायात नवे बूट, आणि खाली "आजपासून रोज एक राउंड". आदल्या दिवशी रविवार, आखाडातला शेवटचा, मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी चार किलो मटण, पंधरा माणसं, जावई खास पुण्याहून आलेले आणि पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या एकट्यानं प्यालेले, मी मोजलोय.

आता मीम वाचू.

पहिल्यांदा हे बघायचं की अक्षरं कशावर टाकलीत. असल्या चित्रात खूप गोष्टी असतात, जहाज आहे, पोकलेन आहे, माती आहे, कालवा आहे, पाणी आहे, पण ज्याच्यावर शब्द टाकलाय तेवढीच गोष्ट विनोदात कामाला लावलेली असते, बाकीची नुसती उभी असतात लग्नातल्या पाहुण्यांसारखी. इथं शब्द दोनच, एक जहाजावर आणि एक पोकलेनवर. कालव्यावर काही नाही. म्हणजे हा विनोद जहाज आणि पोकलेन यांच्यातला आहे, आणि त्या दोघांत डोळ्यात भरणारी गोष्ट एकच, आकार. केवढं मोठं ते आणि केवढंसं हे. प्रश्न डोंगराएवढा आणि उपाय चमच्याएवढा, तरी बिचारा चमचा मन लावून उकरतोय. 2021 ला कालव्याच्या प्राधिकरणानं तो फोटो दिला आणि जगभर लोकांनी तो याच अर्थानं वापरला, जहाजावर आपलं मोठं दुखणं लिहायचं आणि पोकलेनवर आपला केविलवाणा प्रयत्न.

आत्तीनं काय धरलं होतं? अडकणं. जहाज म्हटलं की तिला आठवलं ते अडकलेलं जहाज, कारण बातमीत दिवसभर तोच शब्द होता. आणि जहाजावर "आखाड" लिहिलंय, आखाड म्हणजे काल आपल्या घरी झालेलं मटण, मग मटण कुठं अडकलं? जावयाच्या पोटात. तिचा हिशोब चुकीचा नव्हता बरं का, पायरी पायरीनं बरोबर होता, फक्त चित्रातली चुकीची गोष्ट धरून केलेला. अडकण्यावर विनोद असता तर कालव्यावर पण शब्द आला असता, "जावयाचं पोट" वगैरे. कालवा कोरा आहे म्हणजे अडकणं हिशोबात धरायचं नाही.

शंका वाटली तर एक करून बघायचं, शब्द बदलायचे. जहाजावर "वर्षभराचा पोर्शन" आणि पोकलेनवर "आदल्या रात्रीचा अभ्यास". चाललं? चाललं. जहाजावर "घराचं कर्ज", पोकलेनवर "चहात साखर कमी करून वाचवलेले पैसे". हे पण चाललं. आता बघा, या दोन्हीत काही अडकलंय काय? नाही. तरी हसू येतंय. म्हणजे हसू आकाराचं आहे. मी आत्तीला हेच दोन नमुने पाठवले आणि कर्जवाल्यावर ती हसली, तिथंच मला कळलं की आता लाइन जुळली. कारण मीम समजावल्यावर "हां हां कळालं" कुणीही म्हणतं, त्यावर विश्वास ठेवू नये. दुसऱ्या शब्दांवर हसला तर समजायचं ढाचा कळलाय.

मग ते दोन शब्द. बाहेरच्याला जहाज-पोकलेन कळेल पण "आखाड" आणि "रंकाळा" वाचून तो कोराच राहील, भाषांतर करून दिलं तरी. आखाड म्हणजे आषाढ महिना, एवढं सांगून भागत नाही. पुढं श्रावण लागला की बऱ्याच घरात मटण बंद, म्हणून त्याच्याआधी आखाडात सगळी कसर भरून काढायची, कोल्हापुरात तर टेंबलाईच्या यात्रा, पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेकडीवर न्यायचं, आणि मग गल्लीगल्लीत तांबडा-पांढरा. म्हणजे जहाजावर लिहिलेल्या एका शब्दात महिनाभराचं खाणं भरलंय. तसंच रंकाळा म्हणजे इथं नुसतं तळं नाही. "उद्यापासून रंकाळा" असं कोल्हापूरकर म्हणाला की त्याचा अर्थ उद्यापासून व्यायाम, आणि ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की गुरुवारपर्यंत हा माणूस संध्यामठाजवळच्या भेळेच्या गाडीवर सापडणार. हे सगळं जावयाला लग्नाच्या पाच वर्षांत कळलंय, पुण्याचा माणूस असून, याचं मला खरं तर कौतुकच वाटलं.

तर मीमचा अर्थ झाला, महिनाभर मटण हाणलं आणि आता एका राउंडमध्ये ते जिरवणार व्हय.

पण आत्तीचा प्रश्न अजून बाकीच आहे. हसतायत कुणावर?

इथं मीम कुठं टाकलंय त्यावर सगळं बदलतं. हेच चित्र, हेच शब्द, आत्तीनं स्वतःच्या स्टेटसला ठेवले असते तर ती स्वतःवर हसली असती, बघा मी केवढं खाल्लो आणि आता चाललोय पोकलेन घेऊन. या चित्राचा मूळ वापर असाच आहे, माणूस स्वतःला पोकलेन समजतो. जावयानं सुटं ग्रुपवर टाकलं असतं तर ते सगळ्यांवर मिळून, कारण मटण पंधराजणांनी खाल्लं होतं. पण त्यानं आत्तीच्या सेल्फीला उत्तर म्हणून टाकलं, म्हणजे पोकलेनमध्ये त्यानं आत्तीला बसवलं. त्यामुळं चिमटा आहे, हे आत्तीला बरोबर जाणवलं होतं. नाही नाही, तुझ्यावर नाहीच ते, असं मी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि तिला ते कळलं असतं.

फक्त चिमटा कशाला काढलाय ते तिला उलटं वाटलं होतं. मटणाला नावं ठेवलेली नाहीत. उलट आखाडाला एवढं मोठं जहाज दाखवलंय म्हणजे जेवण दणकट झालं हेच त्यात आलं. थट्टा आहे ती "रोज एक राउंड" ची. आणि ती सुद्धा कडवट नाही, हे कशावरनं म्हणतो, तर हसलेल्या तिघांत एक तिची स्वतःची मुलगी आहे आणि एक नणंद. आईच्या मटणाला नावं ठेवलेली असती तर मुलगी त्यावर हसून लोळली नसती, तिथंच भांडली असती.

बाकी जावयाच्या मनात नेमकं काय होतं ते स्क्रीनशॉटवरनं कळत नाही आणि मी ते आत्तीला तसंच सांगितलं. चार वाट्या प्यालेल्या माणसानं असलं मीम टाकावं यात स्वतःवर पण थोडं हसणं असेल, असेलच असं नाही. समजावणाऱ्यानं जे दिसतंय ते आणि जे आपण अंदाजानं म्हणतोय ते वेगळं ठेवावं, नाहीतर आपल्या अंदाजावर दोन घरांत अबोला होतो. आमच्यात झालाय एकदा, तेव्हा कारण मीम पण नव्हतं, नुसता अंगठा होता.

एक फाटा राहिला. मी उत्तर देईपर्यंत आत्तीनं माझ्या चुलत भावाला पण तेच पाठवलेलं, आणि त्यानं सांगून टाकलं, "अगं ते जेसीबीवालं मीम आहे." झालं. 2019 च्या मे मध्ये आपल्याकडं जेसीबीच्या खोदाईवर मीमं निघालेली, जेसीबी चालू दिसला की लोक कामधंदा सोडून बघत उभे राहतात त्यावर. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, दोन वर्षांचं अंतर आहे आणि विनोद पण वेगळा, तिथं बघणाऱ्यांची गर्दी हा विनोद आणि इथं जहाजापुढं पडलेलं एकटं यंत्र. पण चित्रात पिवळं काहीतरी उकरताना दिसलं की आपल्याकडं ते जेसीबीच, मग जेसीबी म्हटलं की ते मीम, अशी गाडी घसरते. कुणी समजावताना चित्रातल्या एकाच वस्तूचं नाव घेऊन "ते अमुकवालं मीम" म्हणून सोडून दिलं तर सावध व्हावं. त्याला स्वतःला कळलं असेल तर तो दोन्ही शब्द धरून एक वाक्य करून दाखवेल. भावाला मी विचारलं, मग रंकाळा कशाला लिहिलंय रे? तर म्हणतो, "असेल तिथं काम चालू."

फोटो कुठला तेच माहीत नसलं तर गूगल लेन्समध्ये टाकून बघता येतं, जहाजाचं नाव आणि बातमी लगेच मिळते. पण लेन्स तुम्हाला तिथंच नेऊन सोडतं जिथं मी माझ्या तीन व्हॉइस नोटांनी आत्तीला नेऊन सोडलेलं. फोटोची गोष्ट मिळते, विनोद मिळत नाही, कारण विनोद फोटोवर नंतर टाकलेल्या दोन शब्दांत आणि वर कापलेल्या पट्टीत आहे. आणि स्क्रीनशॉट अनोळखी असला, वरचं कापलेलं, पाठवणारा कोण माहीत नाही, तर एवढंच सांगावं की या चित्राचा वापर असा करतात, या शब्दांचा अर्थ असा होतो, आणि कुणाला उद्देशून आहे ते वरचा मेसेज बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. विचारणाऱ्याला हे उत्तर अपुरं वाटतं खरं, पण लगेच तो वरचा भाग पाठवतो, दहातल्या नऊ वेळा.

शेवटी मी आत्तीला जे लिहून पाठवलं ते एवढंच होतं, "आत्ती, मटण झ्याक झालतं म्हणतायत, पण एवढं खाऊन एका राउंडनं काय होतंय असा चिमटा काढलाय तुला. जहाज म्हणजे आखाडात खाल्लेलं, पोकलेन म्हणजे तुझा राउंड. अडकण्याचा काही संबंध नाही." चार ओळी. हेच आधी पाठवलं असतं आणि सुएझ तिनं विचारल्यावर सांगितला असता तर सकाळची वीस मिनिटं वाचली असती आणि चहा पण गार झाला नसता.

निळ्या टिका आल्या. बराच वेळ काही नाही. मग विचारलंन, "ते जहाज शेवटी निघालं म्हणालास न्हवं? किती दिवसानं?"

मी म्हटलं सहा. पण ते काय एकट्या पोकलेननं निघालं नाही, गाळ उपसणारी मोठी जहाजं होती, टगबोटी होत्या, भरती होती. हे सगळं मी टाइप करत होतो तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर टण्ण झालं. जावयाच्या मीमला धरून आत्तीचं उत्तर होतं.

"जावईबापू, ते जहाज सहाव्या दिवशी निघालं हुतं. रविवारी या."